निष्कासन कोणाचे? माणसांचे की भिंतींचे?

पावसाळा तोंडावर आला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात दरवर्षी एक यादी निघते. धोकादायक इमारतींची यादी. त्यात इमारतीचे नाव असते, पत्ता असतो, आणि शेवटच्या रकान्यात सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ यांपैकी एक खूण असते. प्रत्येक खुणेचा अर्थ एका ओळीच्या मराठीत दिलेला असतो. घर सोडायचे की नाही, सोडले तर परत येता येईल की नाही, हे त्या एका ओळीतल्या एका क्रियापदावर अवलंबून असते. मात्र ही ओळ जितकी मराठीत जगते तितकीच इंग्रजीतही जगते. अभियंत्याचा तपासणी अहवाल बहुधा इंग्रजीत असतो, ज्या कायद्याखाली नोटीस निघते तो मूळ इंग्रजीत आहे, आणि वाद उच्च न्यायालयात गेला तर तिथले कामकाज इंग्रजीतच चालते. एकच आदेश दोन भाषांत असा वावरू लागला की दोन्ही पाठ एकच गोष्ट सांगतात का, हा प्रश्न उभा राहतो.

या लेखात मी त्या प्रश्नाची एक बाजू तपासणार आहे. आपल्याकडे परिभाषेचे काम पुष्कळ झाले, आणि चांगले झाले. तरीही दोन पाठ एकमेकांना छेद देतात. कारण आपले कोश एका दिशेने तपासलेले आहेत, इंग्रजीकडून मराठीकडे. नागरिक आणि न्यायालय मात्र त्याच शब्दावरून उलट दिशेने चालत जातात, आणि परतीच्या वाटेवर एका शब्दाला दोन फाटे फुटलेले आढळतात.

*

राज्यकारभारासाठी शब्द ठरवून घेण्याची आपली परंपरा जुनी आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात सुमारे चौदाशे शब्द आहेत. दरबारात रुळलेल्या फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू होता. पुढे १९३१ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ छापला गेला. त्याची मांडणी आजही पाहण्यासारखी आहे. एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी अशा अनेक भाषांतले प्रतिशब्द रकान्यांत मांडले आहेत. बडोद्याच्या राज्यात गुजराती आणि मराठी दोन्ही बोलणारी प्रजा होती, त्यामुळे एक हुकूम दोन भाषांत गेला तर काय होते याचा अनुभव तिथल्या कारभाऱ्यांना रोजचा होता.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर दोनच महिन्यांत, ६ जुलै १९६० रोजी, भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६२ मध्ये पदनाम कोश आला. त्यामुळे कलेक्टरचा जिल्हाधिकारी आणि कमिशनरचा आयुक्त झाला, आणि ठाण्याच्या कचेरीतला जिल्हाधिकारी व नागपूरच्या कचेरीतला जिल्हाधिकारी हे एकाच पदाचे नाव ठरले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आणि त्याखालचे १९६६ चे नियम यांनी काही वर्जित प्रयोजने सोडून राज्याचा कारभार मराठीत आणला. त्यापाठोपाठ शासन व्यवहार कोश, न्याय व्यवहार कोश आणि वेगवेगळ्या विषयांचे परिभाषा कोश तयार झाले.

पदनाम कोश यशस्वी झाला याचे कारण साधे आहे. पदनाम ही एकेका वस्तूला दिलेली चिठ्ठी असते. जिल्हाधिकारी म्हटले की एकच अधिकारी डोळ्यांपुढे येतो, आणि मराठीतून इंग्रजीत परत जातानाही तोच भेटतो. क्रियांची गोष्ट वेगळी आहे. पाडणे, हटवणे, रिकामे करणे, बाहेर काढणे, ताबा घेणे या क्रिया एकमेकींना लागून असतात, त्यांच्या सीमा प्रत्येक भाषा आपापल्या परीने आखते. इंग्रजी शब्द घेऊन कोश उघडणाऱ्याला प्रत्येक शब्दासमोर एक योग्य प्रतिशब्द सापडतो, त्याचे काम होते. पण दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांसमोर एकच मराठी शब्द बसला आहे हे त्याला दिसत नाही, कारण ते दोन शब्द कोशाच्या दोन वेगळ्या पानांवर असतात.

*

आता कायद्याकडे येऊ. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. दोन्हींचा कारभार १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाखाली चालतो. त्याचे आजचे नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. हा कायदा इंग्रजीत लिहिला गेला. मराठी पाठ हे त्याचे भाषांतर आहे.

मोडकळीस आलेल्या बांधकामांविषयी त्यात कलम २६४ आहे. बांधकाम मोडकळीस आलेले असेल, किंवा पडण्याच्या बेतात असेल, किंवा त्यात राहणाऱ्या वा जवळून जाणाऱ्या माणसाला कोणत्याही प्रकारे धोकादायक असेल, तर आयुक्त लेखी नोटीस देऊ शकतात. येथे तीन स्थिती ‘किंवा’ने जोडल्या आहेत. नोटिशीत काय करायला सांगता येते तेही एकेक करून दिले आहे: पाडणे, सुरक्षित करणे, काढून टाकणे, दुरुस्त करणे. थोडे पुढे कलम २६८ आहे. ते इमारत रिकामी करून घेण्याच्या अधिकाराचे आहे, आणि त्यात रिकामी केलेल्या जागेत माणसाला परत आणून बसवण्याचीही तरतूद आहे. म्हणजे १९४९ च्या मसुदाकारांनी भिंतींविषयीच्या क्रिया एका कलमात आणि माणसांविषयीच्या क्रिया दुसऱ्या कलमात ठेवल्या. भिंत पाडली की ती परत येत नाही. माणूस बाहेर गेला तर तो परत येऊ शकतो.

आता २०१५ सालाकडे. २८ जुलैच्या रात्री ठाकुर्लीतली मातृछाया ही इमारत कोसळली. आठवडाभरात, ४ ऑगस्टच्या पहाटे, ठाण्यात नौपाड्यातल्या बी केबिन भागातली कृष्णा निवास कोसळली. दोन्ही दुर्घटना मिळून वीस माणसे तरी गेली. त्याआधी, जून २०१४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या मोडकळीस आलेल्या इमारतींसंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी राज्याच्या नगर विकास विभागाने धोकादायक इमारतींविषयी परिपत्रक काढले. आज ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या याद्यांत दिसणारे वर्ग त्याच परिपत्रकाच्या चौकटीतले आहेत. थोडक्यात ते असे: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, तात्काळ निष्कासित करावयाची इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता तशी दुरुस्ती करावयाची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

या चौकटीने एक मोठे काम केले. त्यापूर्वी ‘धोकादायक’ आणि ‘अतिधोकादायक’ ही दोन विशेषणे होती, आणि विशेषणांना मोजमाप नसते. आता खूण आली, आणि खूण कोणत्याही भाषेत सारखीच वाचली जाते. सी-२बी मराठीतही सी-२बी आणि इंग्रजीतही सी-२बीच. पण खुणेसमोरच्या वर्णनात प्रश्न शिल्लक राहिला, आणि तो ‘निष्कासित’ या शब्दात आहे.

*

निष्कासन म्हणजे बाहेर घालवणे. संस्कृतात आणि हिंदीतही त्याचा रोख माणसाकडे आहे: कोणाला तरी कुठून तरी बाहेर काढणे. न्यायालयीन मराठीत भाडेकरूला जागेतून काढणे यालाही निष्कासन म्हणतात. पण महापालिकांच्या मराठीत गेल्या काही दशकांत हा शब्द भिंतींना लागू झाला. ‘अनधिकृत बांधकामे निष्कासित करण्यात आली’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रांत आठवड्यातून एकदा तरी वाचतो, आणि त्याचा अर्थ ती पाडली असाच घेतो. या बदलामागे कारणही आहे. अतिक्रमण हटवताना टपरीवाला आणि टपरी दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे माणूस हलवला की वस्तू, हा फरक करण्याची गरज तिथे पडत नाही. अतिक्रमणाच्या कामात रुळलेला हा शब्द तसाच धोकादायक इमारतींच्या परिपत्रकात आला. तिथे मात्र फरकाची गरज होती.

मुंबई महापालिकेच्या इंग्रजी मार्गदर्शक सूचनांत सी-१ वर्गासाठी दोन क्रिया वेगळ्या सांगितल्या आहेत: आधी इमारत रिकामी करणे आणि मग पाडणे. मराठीत त्या दोहोंच्या जागी एकच ‘निष्कासित’ आहे. सी-२ए मध्येही एक फरक आहे. मुंबईचा इंग्रजी पाठ इमारत अंशतः रिकामी करण्याविषयी किंवा तिचा काही भाग पाडण्याविषयी बोलतो, तर मराठी वर्णनात ‘अंशतः’ हा शब्दच नाही, पाडण्याचाही उल्लेख नाही. दोन पाठ शेजारी ठेवले तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल की काही कुटुंबांनीच हलायचे आहे, आणि मराठी वाचणाऱ्याला वाटेल की सगळ्यांनी.

यामुळे नेमके काय बिघडू शकते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, डोंबिवली पूर्वेला स्टेशनाजवळ पन्नास वर्षांपूर्वीची तीन मजली इमारत आहे. चौदा बिऱ्हाडे पागडीची. मालकाने संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेतली. अभियंत्याने इंग्रजीत लिहिले की खांबांतल्या सळ्या गंजल्या आहेत, काँक्रीटचे आवरण सुटले आहे, रहिवाशांना हलवून मोठी दुरुस्ती केली तर इमारत राहू शकते. हा सी-२ए झाला. कार्यालयातल्या कारकुनाने मराठी नोटीस लिहिली. आधीच्या नोटिशीचा नमुना समोर होता, तो सी-१ चा. त्यातले वाक्य थोडे बदलून त्याने लिहिले की इमारत तात्काळ रिकामी करून निष्कासनाची कार्यवाही करावी. त्याच्या मनात निष्कासन म्हणजे माणसांना बाहेर काढणे होते, अभियंत्याने जे सांगितले तेच. मराठीत हे वाक्य चुकीचेही म्हणता येत नाही.

मालकाने त्या नोटिशीच्या आधारे जागेच्या ताब्यासाठी दावा लावला. येथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १६ पुढे येते. मालकाला ताबा कोणत्या कारणांनी मागता येतो त्यांची यादी त्यात आहे. एक कारण असे की जागा रिकामी केल्याशिवाय होऊ शकणार नाही अशी दुरुस्ती करायची आहे. दुसरे कारण असे की महापालिकेसारख्या प्राधिकरणाने पाडण्याचा आदेश दिला आहे आणि त्यासाठी जागा लगेच हवी आहे. ही दोन कारणे दोन वेगळ्या खंडांत आहेत आणि त्यांचे परिणाम वेगळे आहेत. दुरुस्तीच्या कारणाने ताबा गेला तर दुरुस्तीनंतर भाडेकरूने परत येण्याची वाट कायद्यानेच आखलेली आहे. पाडण्याच्या कारणाने गेला तर परतीचा रस्ता बराच लांबचा होतो.

कल्याणच्या दिवाणी न्यायालयात मराठी नोटीस मराठीतच वाचली जाईल, आणि साक्षीपुराव्यात कदाचित तिचा खरा अर्थ बाहेर येईल. पण प्रकरण उच्च न्यायालयात गेले की नोटिशीचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भाषांतरकारासमोर फक्त कागद असतो, अभियंत्याचा अहवाल नसतो, कारकुनाचे मन तर नसतेच. ‘इमारत... निष्कासनाची कार्यवाही’ हे शब्द पाहून तो रूढ अर्थ घेतो आणि ‘डिमॉलिशन’ लिहितो. त्याचेही काही चुकलेले नाही. अशा रीतीने तीन माणसांनी आपापले काम नीट केले, आणि दुरुस्तीची शिफारस पाडण्याचा आदेश होऊन बसली.

एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. इमारत पडली किंवा पाडली म्हणजे भाडेकरूचा हक्क आपोआप संपतो असे नाही. सांगलीच्या शहा रतनसी खिमजी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले की महापालिकेने बांधकाम पाडले तरी भाडेपट्ट्याचे नाते त्याने नाहीसे होत नाही, कारण जागेखालची जमीन शिल्लक असते. पण हा हक्क न्यायालयात जाऊन मिळवायचा असतो. दुरुस्त झालेल्या खोलीत सामान परत नेण्याची आणि त्याची तुलना होत नाही.

*

दुसरा शब्द आहे ‘भोगवटादार’. याचे दुखणे ‘निष्कासन’च्या जातीचेच आहे, पण ते सहज नजरेत येत नाही.

कलम २६४ ची नोटीस मालकाला किंवा ‘ऑक्युपायर’ला द्यायची असते. मराठीत याला भोगवटादार म्हणतात. जो प्रत्यक्ष राहतो वा वापरतो तो, मग तो भाडेकरू असो की आणखी कोणी. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही भोगवटादार आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-१ आणि वर्ग-२ असे लिहिलेले असते, तो हा. इंग्रजीत तो ‘ऑक्युपंट’ आहे, आणि तो राहणारा नसून जमिनीचा धारक आहे. इंग्रजीत हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटले तरी वेगळे आहेत, आणि वेगळ्या कायद्यांत आहेत. मराठीत ते एकच आहेत.

जुन्या ठाणे शहरात किंवा डोंबिवलीच्या जुन्या वस्तीत नगर भूमापनाच्या नोंदी असल्याने याचा फारसा त्रास होत नाही. पण कल्याण-डोंबिवलीच्या सीमेवर २७ गावे आहेत. ती १९८३ मध्ये महापालिकेत होती, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली, आणि २०२० मध्ये त्यांतली १८ वगळण्याचा निर्णय होऊन तो न्यायालयात गेला. अशा गावांत चार-पाच मजली इमारत उभी असते आणि तिच्याखालच्या जमिनीचा सातबारा अजून शेतीच्या काळातल्या कुटुंबाच्या नावावर असतो. नोटीस ‘भोगवटादारास’ द्यायची म्हटल्यावर सातबारा पाहणारा कर्मचारी त्या कुटुंबाला शोधत जातो, आणि घरपट्टीची वही पाहणारा कर्मचारी वरच्या मजल्यावरच्या माणसाचे दार ठोठावतो. परिपत्रकाच्या इंग्रजी पाठात ‘ऑक्युपायर’ आणि मराठीत ‘भोगवटादार’ असेल तर दोन्ही पाठ कोशाप्रमाणे अचूक आहेत. तरी नोटीस चुकीच्या हाती जाऊ शकते. उपाय अवघड नाही. परिपत्रकाच्या सुरुवातीलाच एक ओळ हवी: या परिपत्रकात भोगवटादार म्हणजे इमारतीत प्रत्यक्ष राहणारी किंवा ती वापरणारी व्यक्ती, जमीन महसूल अभिलेखातील भोगवटादार नव्हे. ‘नव्हे’ने संपणारा हा अर्धा भागच नोटीस योग्य दारी पोचवतो.

मथळ्यातला ‘धोकादायक’ हा शब्द उलट प्रकारचा आहे. ठाण्याच्या यादीत अलीकडच्या वर्षांत चार हजारांहून अधिक इमारती असतात, आणि त्यांतल्या सी-१ शंभराच्या आसपास. बाकीच्यांत मोठा भाग सी-२बी आणि सी-३ चा. म्हणजे कोणीही घर सोडायचे नाही आणि दुरुस्ती करायची, कित्येक ठिकाणी किरकोळच. पण यादीचा मथळा सगळ्यांसाठी एकच असतो. इंग्रजी बातमीत त्याचे ‘डेंजरस’ होते, आणि तो कलम २६४ मधला शब्द आहे, राहणाऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा वापरायचा. गिलावा निघालेली इमारत अशा रीतीने कायद्याच्या भाषेत जीवघेणी ठरते, आणि तिथल्या माणसाला घर विकताना किंवा कर्ज काढताना ते जाणवते. येथे मराठी शब्द सैल आहे आणि इंग्रजी शब्द घट्ट. ‘दुरुस्तीयोग्य’ आणि ‘धोकादायक’ असे दोन मथळे केले की दोन्ही भाषांत काम भागते.

*

दोन पाठांत विरोध आला तर कोणता खरा धरायचा, यावर न्यायालयांनी विचार केलेला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे कायदे, नियम, आदेश यांचा इंग्रजी पाठ अधिकृत धरला जातो. १९९६ साली नित्यानंद शर्मा विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच प्रश्न आला. अनुसूचित जमातींच्या इंग्रजी यादीत ‘लोहारा’ होते, हिंदी पाठात ‘लोहार’. एका कान्याचा फरक. न्यायालयाने इंग्रजी पाठ ग्राह्य धरला, आणि हिंदी पाठावर विसंबून लोहार म्हणून मागितलेला जमातीचा दर्जा मिळाला नाही. पाच वर्षांनी, २००१ मध्ये, पार्क लेदर प्रकरणात उत्तर प्रदेशातल्या हिंदी आणि इंग्रजी पाठांचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने इंग्रजीचे प्राधान्य कायम ठेवले, पण इंग्रजी पाठच संदिग्ध असेल तर अर्थ लावायला दुसऱ्या पाठाचा आधार घेता येतो हेही मान्य केले.

म्हणून अनेक परिपत्रकांच्या शेवटी एक वाक्य टाकलेले असते की दोन पाठांत तफावत आढळल्यास अमुक पाठ ग्राह्य धरावा. वाक्य आवश्यक आहे, पण ते तंट्याचा निकाल लावते, तंटा टाळत नाही. ज्याला एकच भाषा वाचता येते त्याने दुसऱ्या भाषेतल्या पाठाप्रमाणे वागायला हवे होते, असा त्याचा अर्थ होतो. जून महिन्यात सामान टेम्पोत भरणाऱ्या माणसाला हे वाक्य काही देत नाही.

केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी १९६३ च्या राजभाषा अधिनियमाचे कलम ३(३) आहे. सर्वसाधारण आदेश, अधिसूचना यांसारखे कागद हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत काढायचे, आणि १९७६ च्या नियमांप्रमाणे ते तसे निघतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी सही करणाऱ्या अधिकाऱ्याची. पण ही जबाबदारी दोन पाठ असण्याची आहे, ते जुळण्याची नाही. कॅनडाने वेगळी वाट घेतली. तिथे इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही पाठ सारखेच अधिकृत असल्याने कुठल्याही एका पाठाच्या मागे लपता येत नाही. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे कायद्याचे मसुदे दोन मसुदाकार एकत्र बसून, दोन्ही भाषांत एकाच वेळी लिहू लागले. एका भाषेत शब्द अडला की दुसऱ्या भाषेतले वाक्यही मोडून नव्याने बांधता येते, ही त्या पद्धतीतली खरी सोय आहे. भाषांतरकाराला ती मुभा नसते, कारण त्याच्या हाती कागद येतो तेव्हा मूळ पाठावर सही झालेली असते.

प्रभाग कार्यालयात दोन मसुदाकार बसवता येणार नाहीत, हे उघड आहे. पण त्या पद्धतीचा गाभा छोट्या परिपत्रकालाही लागू करता येतो. परिपत्रकात ज्या शब्दांवर कोणाचा तरी हक्क अवलंबून आहे ते बाजूला काढावेत. असे शब्द फार नसतात. धोकादायक इमारतींच्या परिपत्रकात ते दहा-बारा भरतील: रिकामी करणे, पाडणे, दुरुस्ती, किरकोळ, संरचनात्मक, मालक, भोगवटादार, भाडेकरू, तात्काळ, अंशतः. त्यांची दोन रकान्यांची यादी करावी आणि ती आधी डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे वाचावी. उलट वाचताना एका शब्दासमोर दोन शब्द आले की तिथे खूण करावी. ‘निष्कासन’ तिथे लगेच सापडतो, आणि त्याच्या जागी ‘रिकामी करणे’ व ‘पाडणे’ असे दोन साधे शब्द घालावे लागतात. मग तयार मराठी पाठ अशा माणसाकडे द्यावा ज्याने इंग्रजी पाठ पाहिलेला नाही, आणि त्याला तो इंग्रजीत सांगायला लावावे. त्याने ‘निष्कासित’ला जे म्हटले तेच उद्या उच्च न्यायालयातला भाषांतरकार म्हणणार आहे.

यादी झाली की शिस्त उरते, आणि तीच जास्त अवघड आहे. मराठी लेखनाचे आपले संस्कार असे की एक शब्द लागोपाठ दोनदा आला तर खटकतो आणि आपण दुसरा घालतो. परिपत्रकात हा संस्कार घातक ठरतो. ठाण्याच्या याद्यांच्या बातम्यांत सी-२ए समोर ‘संरचनात्मक दुरुस्ती’ आणि त्याच्या पुढच्याच ओळीत सी-२बी समोर ‘रचनात्मक दुरुस्ती’ छापलेले आढळते. वाचणाऱ्याने काय समजायचे? दुरुस्ती एकाच प्रकारची आहे आणि फरक फक्त घर सोडण्याचा आहे, की दुसरी दुरुस्ती हलकी आहे? रचनात्मक म्हणजे विधायक असाही अर्थ आहे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘स्ट्रक्चरल’ आहे. परिपत्रकाच्या भाषेचा नियम उलटा आहे: शब्द बदलला म्हणजे अर्थ बदलला असे वाचणारा धरून चालतो, आणि त्याने तसेच धरायला हवे.

*

२०२२ साली राज्याने स्थानिक प्राधिकरणांसाठी स्वतंत्र राजभाषा कायदा केला. महापालिका आणि नगरपालिका यांचा कारभार, ठराविक अपवाद सोडून, मराठीत व्हावा असे त्यात आहे. याचा एक परिणाम अजून आपल्या कोशकारांच्या लक्षात यायचा आहे. आतापर्यंत इंग्रजी मूळ आणि मराठी छाया असे गृहीत होते. आता महापालिकेचे परिपत्रक मुळातच मराठीत लिहिले जाईल, आणि इंग्रजी पाठ त्यावरून तयार होईल, बहुधा वाद न्यायालयात गेल्यावर, घाईत, अनोळखी हातांनी. म्हणजे प्रवासाची दिशा फिरली आहे. इंग्रजी शब्दावरून मराठी शब्द शोधून देणारे कोश आपल्याकडे भरपूर आहेत. मराठी प्रशासकीय शब्द घेऊन तो कोणत्या कायद्यात कोणत्या अर्थाने येतो, आणि त्या प्रत्येक अर्थाला इंग्रजीत काय म्हणायचे, हे सांगणारा कोश आता लागेल. त्यात ‘भोगवटादार’ या नोंदीखाली दोन वेगळे अर्थ दोन कायद्यांच्या नावांसह असतील. ‘निष्कासन’ या नोंदीखाली अर्थापुढे एक सूचना असावी: इमारतीच्या संदर्भात हा शब्द वापरू नये. पाडायचे असेल तर पाडणे लिहावे, रिकामे करायचे असेल तर रिकामे करणे.